टेंडरच्या कव्हर लेटरमध्ये पात्रतेची एकेक अट पूर्ण होते हे कसं लिहायचं?

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला छोटा कंत्राटदार. टेंडरसोबत कव्हर लेटर देताना आजवर "आपल्या सर्व अटी मान्य आहेत" एवढंच लिहीत आलो. मागचं टेंडर टेक्निकलमध्येच उडालं. आता म्हणतात, प्रत्येक पात्रता अटीची पूर्तता वेगळी लिहा. नेमकं काय लिहायचं? माझी निम्मी कामं महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजकडची आहेत, त्याने काही फरक पडतो का?

उत्तर:

"मान्य आहेत" आणि "पूर्ण होतात" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमचं घोडं तिथेच अडलंय. कामाच्या अटी मान्य करायच्या असतात. पात्रतेच्या अटी मान्य करून भागत नाही, त्या तुमच्याकडे आधीच असाव्या लागतात आणि कुठल्या कागदावर आहेत ते दाखवावं लागतं.

मी बेळगावात टेंडरचे कागद तयार करून देतो. त्याआधी भावाबरोबर कंत्राटं केली आणि याच कारणाने एकदा तोंडावर आपटलो. भावाची जुनी एकट्याच्या नावाची फर्म होती. पुढे आम्ही दोघांनी भागीदारी केली आणि पहिलंच मोठं टेंडर भागीदारीच्या नावाने भरलं. पत्रात छातीठोकपणे लिहिलं, "अनुभवाची अट पूर्ण होते." जोडलेलं सर्टिफिकेट मात्र भावाच्या जुन्या फर्मचं. तपासणारे इंजिनिअर म्हणाले, "काय ओ, टेंडर एकाचं आणि काम केलंय दुसऱ्यानं?" आमच्या दृष्टीने दोन्ही एकच होतं, एकच घर, एकच मिक्सर. कागदावर ते दोन वेगळे कंत्राटदार होते. जुना धंदा भागीदारीत वर्ग केल्याचं कलम डीडमध्ये होतं, पण ते डीड आम्ही जोडलंही नव्हतं आणि पत्रात त्याचा उल्लेखही नव्हता. चूक आमचीच.

तपासणी कशी चालते ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पत्र कसं हवं ते आपोआप कळेल. पोर्टलवर तुमचं पहिलं, म्हणजे पात्रतेच्या कागदांचं, कव्हर उघडतं. तपासणाऱ्याच्या हातात पात्रतेच्या अटींचा तक्ता असतो, अटींना टेंडरमधलेच क्रमांक. तो पहिली अट वाचतो आणि तुमच्या शंभर-दीडशे पानांत तिचा पुरावा शोधतो. सापडला तर बरोबरची खूण, नाही तर फुली. त्याला सात-आठ जणांचे असे गठ्ठे बघायचे असतात. तुमचं पत्र म्हणजे त्याच्या तक्त्याचं आधीच लिहून दिलेलं उत्तर. म्हणून क्रम टेंडरचाच ठेवा, क्रमांक टेंडरचेच घाला आणि अटीचे शब्दही टेंडरचेच उतरवा. आपल्या सोयीने दोन अटी एकत्र करू नका.

प्रत्येक अटीखाली चार गोष्टी याव्यात: अट काय मागते, आमच्याकडे नेमकं किती आहे, ते कुठल्या कागदावर आहे, तो कागद कुठल्या पानावर आहे. "पूर्ण होते" हा शब्द सगळ्यात शेवटी.

आता एक उदाहरण घेऊ. गावातला काँक्रीट रस्ता आणि गटार, किंमत १ कोटी २० लाख, मुदत ९ महिने. कंत्राटदार तुमच्यासारखाच, सीमेच्या दोन्ही बाजूंना कामं करणारा. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. कर्नाटकात एवढ्या कामाला साधारणपणे केडब्ल्यू-४ हा ठरीव नमुना वापरतात. त्यातल्या अटींचा सांगाडा बहुतेक सारखाच असतो, आकडे त्या त्या टेंडरप्रमाणे भरलेले असतात.

पहिली अट टर्नओव्हरची. समजा टेंडर म्हणतं, गेल्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षांत बांधकामाचा टर्नओव्हर १ कोटी हवा. यातला "बांधकामाचा" हा शब्द लोक वाचतच नाहीत. आमच्या या कंत्राटदाराचा जेसीबी भाड्याने फिरतो आणि त्याचे पैसे त्याच हिशेबात जमा होतात. ताळेबंद पाहिला तर २०२२-२३ ला १ कोटी १२ लाख दिसतात. त्यातले १८ लाख जेसीबीचे भाडे काढलं की उरतात ९४ लाख, म्हणजे ते वर्ष बाद. २०२३-२४ ला १ कोटी ३१ लाखांतून २४ लाख वजा जाऊन १ कोटी ७ लाख राहतात. २०२४-२५ ला निव्वळ बांधकाम १ कोटी ४० लाख. दोन वर्षं भरली, अट पूर्ण. पण पत्रात २०२२-२३ चे १ कोटी १२ लाख दाखवून "तीन वर्षं पूर्ण" असं लिहिलं असतं, तर खऱ्या असलेल्या दोन वर्षांवरही संशय आला असता. सीएकडून सर्टिफिकेट घेताना बांधकाम आणि इतर उत्पन्न असे दोन रकाने वेगळे मागून घ्या. त्यावर यूडीआयएन असल्याची खात्री करा. २०१९ च्या फेब्रुवारीपासून सीएच्या प्रत्येक सर्टिफिकेटला हा १८ अंकी क्रमांक लागतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. पत्रातही तो उतरवा.

सीमेवरच्या माणसाची इथे एक अडचण होते. तुमच्याकडे जीएसटीचे दोन क्रमांक असतील, कर्नाटकचा २९ ने सुरू होणारा आणि महाराष्ट्राचा २७ ने. काही जण फक्त २९ वाल्याची रिटर्न्स जोडतात आणि टर्नओव्हर कमी पडला म्हणून रडतात. पॅन एकच असल्यामुळे दोन्हीकडचं बांधकाम एकाच फर्मचं आहे. सीएला दोन्ही क्रमांक सर्टिफिकेटमध्ये लिहायला सांगा आणि पत्रात एक ओळ घाला की वरील टर्नओव्हर एका पॅनखालच्या दोन्ही नोंदणींचा मिळून आहे. ती ओळ नसेल तर सीएचा आकडा आणि जोडलेली रिटर्न्स जुळत नाहीत, आणि आकडे जुळले नाहीत की पुढची प्रत्येक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघितली जाते.

दुसरी अट तशाच प्रकारच्या कामाची. नमुन्यात साधारणपणे असं असतं की मुख्य कंत्राटदार म्हणून, टेंडरच्या किमतीच्या निदान निम्म्या रकमेचं एक काम पूर्ण केलेलं हवं. इथे निम्मे म्हणजे ६० लाख. आमच्या माणसाचं चंदगड तालुक्यातलं रस्त्याचं काम करारात ६४ लाखांचं होतं, म्हणून त्याने कच्च्या पत्रात ६४ लिहिलं. फायनल बिल पाहिलं तर ५८ लाख. एक मोरी रद्द झाली होती. मोजलं जातं ते पूर्ण केलेलं काम, कराराची रक्कम नव्हे.

मग काम गेलं म्हणायचं का? नाही. टेंडरमध्ये बहुधा टीप असते, की मागच्या वर्षांत पूर्ण केलेल्या कामांच्या रकमांना दर वर्षी १० टक्के वाढ धरून आजच्या पातळीला आणावं. अशी टीप तुमच्या टेंडरमध्ये आहे का ते आधी बघा, नसेल तर मनाने वाढ धरू नका. या टेंडरमध्ये होती आणि पातळी २०२४-२५ ची होती. काम संपलेलं २०२३-२४ ला. म्हणून पत्रातला मजकूर असा गेला (प्रत्यक्षात इंग्रजीत, इथे मराठीत देतो):

"अट: ६० लाखांपेक्षा कमी नसलेलं एक तत्सम काम. आमचं काम: काँक्रीट रस्ता व गटार, चंदगड तालुका. करार रक्कम ६४.०० लाख, अंतिम बिलाची रक्कम ५८.०० लाख, पूर्ण २०२३-२४. टेंडरमधील टीपेप्रमाणे एका वर्षाची १० टक्के वाढ ५.८० लाख, एकूण ६३.८० लाख. मूळ मराठी कंप्लीशन सर्टिफिकेट पान ४१, नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर पान ४२ व ४३, अंतिम बिल पान ४४. अट पूर्ण होते."

कराराची रक्कमही मुद्दाम लिहिली. सर्टिफिकेटवर ६४ लाख छापलेलेच होते. तपासणाऱ्याला तो आकडा दिसणारच, मग फरक आपणच आधी सांगितलेला बरा.

आणि हो, त्या भाषांतराबद्दल. महाराष्ट्रातल्या ऑफिसांची सर्टिफिकेटं मराठीत येतात. आपल्याला वाटतं, बेळगावात मराठी कोण वाचत नाही? पण टेंडरमध्ये कागदपत्रांच्या भाषेचं कलम असतं, तिथे इंग्रजी किंवा कन्नड म्हटलेलं असतं, आणि तपासणारा इंजिनिअर कलबुर्गीचा किंवा म्हैसूरचा असू शकतो. मूळ प्रत आणि भाषांतर दोन्ही जोडा. सर्टिफिकेटवर सही कुणाची हवी तेही बघा. बऱ्याच ठिकाणी कार्यकारी अभियंत्याच्या दर्जाची सही मागतात, ग्रामपंचायतीचं पत्र तिथे चालत नाही. गावाच्या नावाची मात्र काळजी करू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, जुन्या कागदांवर जुनं नाव असणारच, त्यावरून कोणी अडवत नाही. तुमच्या स्वतःच्या नावात किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये पॅनवर एक आणि लायसन्सवर दुसरं असेल, तर मात्र अफिडेव्हिट करून त्याचं पान पत्रात दाखवा. आपल्याकडे कन्नडमधून नाव इंग्रजीत येताना हा घोळ हटकून होतो.

मशिनरीची अट सोपी आहे. स्वतःची असेल तर बिल, भाड्याची असेल तर करार, आणि पत्रात कुठलं कशाचं ते लिहा. रोलर भाड्याचा असेल तर स्वतःचा म्हणू नका, भाड्याचा बहुतेक ठिकाणी चालतो.

बँकेच्या कागदावर मात्र जरा थांबा. टेंडर मागतं ती खेळत्या पैशाची सोय: काम मिळालं तर इतक्या लाखांपर्यंत ओव्हरड्राफ्ट किंवा उचल देऊ, असं बँकेचं पत्र. त्याचा मसुदा टेंडरमध्येच दिलेला असतो. लोक बँकेत जाऊन "सॉल्व्हन्सी द्या" म्हणतात आणि तेच आणून जोडतात. सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट सांगतं की या माणसाची एवढी ऐपत आहे. काम चालू असताना पैसे कुठून येणार हे ते सांगत नाही. टेंडरमधलं मसुद्याचं पान छापून बँकेत न्या आणि त्यातल्याच शब्दांत पत्र मागा. शाखेत कुरकुर होते, दोन-चार हेलपाटे पडतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

आता बिड कपॅसिटी, म्हणजे हातातली कामं सांभाळून तुम्ही आणखी किती काम पेलू शकता तो आकडा. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सूत्र असं असतं:

```
A × N × 1.5 − B
```

A म्हणजे गेल्या पाच वर्षांत कुठल्याही एका वर्षात केलेलं जास्तीत जास्त बांधकाम. N म्हणजे या कामाची मुदत, वर्षांत. B म्हणजे हातातल्या कामांपैकी त्याच मुदतीत करायचं राहिलेलं काम. येणारं उत्तर टेंडरच्या किमतीपेक्षा कमी असता कामा नये.

आमच्या माणसाचा A १ कोटी ४० लाख, N ९ महिने म्हणजे ०.७५. गुणाकार करून १ कोटी ५७ लाख ५० हजार येतात. हातात खानापूरकडचं एक काम, ३५ लाखांचं शिल्लक. वजा केलं की १ कोटी २२ लाख ५० हजार, म्हणजे बसतं. पण गडहिंग्लजकडे त्याचं आणखी एक काम चालू होतं, त्याच्या वहीत २० लाख शिल्लक. ते धरलं तर उत्तर १ कोटी अडीच लाखांवर येतं आणि तो अपात्र ठरतो. तो सरळ म्हणाला, "महाराष्ट्रातलं काम हितं कोण बघायला येतंय? लिहूच नको."

हे करू नका. नमुन्यातच लिहिलेलं असतं, की बाकी सगळ्या अटी पूर्ण होत असल्या तरी खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर अपात्र. स्पर्धकांना सगळं ठाऊक असतं. बेळगावातले कंत्राटदार गडहिंग्लजला जातात, तिकडचे इकडे येतात. एक तक्रार आली की झालं.

मी त्याला विचारलं, हे २० लाख म्हणजे नक्की काय? तर बिल यायचं होतं २० लाखांचं. प्रत्यक्ष काम १८ लाखांचं झालेलं, मोजमाप पुस्तकात चढलेलं, फक्त पैसे अडकलेले. सूत्रातल्या B मध्ये येतं ते राहिलेलं काम. राहिलेलं बिल त्यात येत नाही. तिथल्या अभियंत्याकडून शिल्लक कामाचं सर्टिफिकेट आणलं, शिल्लक २ लाख. मग B झाला ३७ लाख आणि कपॅसिटी १ कोटी २० लाख ५० हजार. केसाच्या अंतराने बसला, पण बसला. पत्रात दोन्ही कामं नावानिशी लिहिली, दोन्हींची शिल्लक सर्टिफिकेटं पानांसकट दाखवली आणि आकडेमोड पूर्ण मांडली. एवढ्या कमी फरकाने पात्र ठरत असाल तर नुसतं उत्तर लिहून चालत नाही, वजाबाकी दिसली पाहिजे.

आणि एखादी अट पूर्ण होतच नसेल तर? "लवकरच सादर करू", "अंशतः पूर्ण" असलं काही लिहू नका, ते स्वतःच्या हाताने फुली मारून घेणं आहे. अट अवाजवी वाटली तर टेंडर भरण्याआधी, शंका विचारायच्या मुदतीत लेखी विचारा. उत्तरादाखल दुरुस्तीपत्रक निघालं तर त्याचा क्रमांक आणि तारीख पत्रात घालून त्याप्रमाणे अट उतरवा. जुन्या अटीला उत्तर देत बसलेले लोक मी पाहिलेत. लायसन्सचं नूतनीकरण चालू असेल तर जसं आहे तसं लिहा, जुन्याची मुदत कधीपर्यंत, अर्ज कधी केला, पावती कुठल्या पानावर. त्यावर काय करायचं ते समितीचं काम.

पत्रात काय नसावं हेही सांगतो. दराचा शब्द नको. दोन कव्हरच्या पद्धतीत दर दुसऱ्या कव्हरमध्ये असतो. "आम्ही अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने करू" असं पहिल्या कव्हरच्या पत्रात लिहिलं की दर फुटला, आणि टेंडर तिथेच बाद होऊ शकतं. तसंच "बिल ३० दिवसांत मिळावं", "सिमेंट वाढल्यास फरक द्यावा" अशा विनंत्या नकोत. तुम्हाला ती विनंती वाटते, तपासणारा तिला सशर्त टेंडर म्हणतो. आणि मागच्या टेंडरचं पत्र कॉपी करून वापरलं तर टेंडर क्रमांक, कामाचं नाव आणि अधिकाऱ्याचं पद तीनदा तपासा.

सही ज्याची, डिजिटल सिग्नेचरही त्याचीच असावी. भागीदारी असेल तर त्याला अधिकार दिल्याचं पत्र आणि डीड जोडा, त्यांचीही पानं दाखवा. आमच्यासारखं करू नका.

पानांचे क्रमांक मात्र शेवटी घाला. सगळे कागद एका पीडीएफमध्ये लावून झाले, प्रत्येक पानावर क्रमांक पडला, मग पत्रातले रकाने भरा. एक कागद मध्ये घुसला की पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. मी घरच्या कुणाला तरी बसवतो. मी पत्रातलं पान वाचतो, ती व्यक्ती ते पान उघडून काय दिसतंय ते मोठ्याने सांगते. माझ्या बायकोने असंच एकदा पान ४४ उघडून "इथे लाइट बिल आहे" म्हणून सांगितलं होतं.

एवढं करूनही बाद केलं, आणि कारण चुकीचं वाटलं, तर कर्नाटकच्या १९९९ च्या पारदर्शकता कायद्यात, म्हणजे केटीपीपीमध्ये, कलम १६ खाली अपील करता येतं. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. तेव्हा असं पत्र उपयोगी पडतं, कारण अमुक अटीचा पुरावा अमुक पानावर दिलेला होता हे तुम्ही बोट ठेवून दाखवू शकता. "सर्व अटी मान्य आहेत" या ओळीवर काय अपील करणार?

वरच्या उदाहरणातला कंत्राटदार टेक्निकलमध्ये पास झाला. एकही खुलासा मागवला नाही. दराच्या कव्हरमध्ये मात्र निपाणीकडचा एक जण त्याच्यापेक्षा कमी निघाला, तो भाग वेगळा.